घामाचं बारदान

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माणसाला दोन नावं असतात. एक घरचं, दुसरं मोंढ्यानं दिलेलं. आणि दुसरंच जास्त टिकतं. जालन्याच्या मोंढ्यात शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलून द्यायचं काम करणारा सर्जेराव मापाडी वर्षभर ‘डांबरप्या’ या नावानं ओळखला जात होता. हे नाव त्याला कसं पडलं ते सगळ्या मोंढ्याला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना ते सांगायला पुष्पाबाई होती. तिचं चहाचं दुकान मोंढ्याच्या फाटकाला लागूनच. तिचा चहा पातळ, पण बातमी घट्ट.

झालं होतं असं. पाडव्याच्या आधीच्या रविवारी इथल्या तालमीतली मंडळी दौड भरवायची. मोंढ्याच्या फाटकातून निघायचं, अंबडच्या रस्त्यानं पार लांबच्या वडापर्यंत जायचं, वडाला हात लावून परत फाटकात यायचं. चांगल्या पळणाऱ्यालाही तीन तास लागत. सर्जेराव बारीक चणीचा, काटक, पस्तिशीच्या आतला. बहात्तरच्या दुष्काळात याच रस्त्यावर त्यानं खडी फोडली होती, त्यामुळं रस्ता आपल्याच घरचा असल्यासारखा तो पळायचा. त्या वर्षी तो पहिल्या चौघांत होता. फाटक समोर दिसत होतं. आणि तेवढ्यात त्याला दिसलं, की फाटकाच्या अलीकडं नदी आली आहे. निवळ, थंड, हलकेच लाटा मारणारी नदी. सर्जेराव थांबला, गुडघ्यांवर बसला, ओंजळ केली आणि तापलेल्या डांबरावरून पाणी उचलून पिऊ लागला. दोन ओंजळी प्याला म्हणे. मग तिथंच आडवा झाला.

“काय सर्जेराव, डांबर गोड लागलं का खारं?” हमाल विचारायचे.

“साखर घालून घेतलं न्हाई त्यानं, कडू लागलं असंल,” पुष्पाबाई म्हणायची.

सर्जेराव हसून सोडून द्यायचा. पण चांगुणाबाई, त्याची बायको, हसली नव्हती. त्या दिवशी नवऱ्याला बैलगाडीत घालून घरी आणलं, तेव्हा त्याचे ओठ फुटले होते आणि तो तिला आईच्या नावानं हाका मारत होता. आठ दिवसांनी तो उठून बसला, तेव्हा तिनं खुंटीवरचे त्याचे कॅनव्हासचे बूट काढून त्याच्यासमोर ठेवले.

“आवं, म्या काय पळू नका म्हनत न्हाई. पुढल्या साली पळा. पन पडलात, तर हे बूट हिरीत. आन् मंग पुन्यांदा पळायचं नाव काढायचं न्हाई. बोला.”

“बराबर,” सर्जेराव म्हणाला. दुसरं काय म्हणणार? चांगुणाबाईचा शब्द म्हणजे सरकारी छापाचं वजन. त्यात घासाघीस नसते.

पळणं सुटलं तर काय राहील, याचा विचार सर्जेराव करू शकत नव्हता. दिवसभर लोकांची पोती तोलायची, ‘एक रे एक, दोन रे दोन’ म्हणत ओरडायचं, शेठ आणि शेतकरी या दोघांच्या शिव्या मध्ये उभं राहून खायच्या. आणि पहाटे मात्र एकट्यानं रस्त्यावर उतरायचं. अर्ध्या कोसानंतर पाय आपले राहत नाहीत, रस्ताच माणसाला हळूहळू आत ओढून घेतो. बाभळी मागं सरकतात, करडईच्या वाळक्या रानातून सळसळ ऐकू येते, आणि डोक्यातली सगळी मापं गळून पडतात. त्या तासाभरात सर्जेराव कुणाचाच मापाडी नसायचा.

तर हा असा माणूस बूट वाचवण्यासाठी धर्मराज सरांकडं गेला.

धर्मराज सर शाळेत खेळ शिकवायचे. औरंगाबादेत शिकून आलेले, शिस्तीचे, शिटी गळ्यात घालूनच जेवतात अशी पुष्पाबाईची खात्री. त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली कोपऱ्यात भालाफेकीचे तीन भाले. सर्जेरावानं अडचण सांगितली. सरांनी विचारलं, “मागच्या साली पळताना पाणी किती प्यालात?”

“थेंब न्हाई. तालमीतले वस्ताद म्हनले, पानी पिलं की पाय जड होत्यात.”

“असं सगळेच म्हणतात. आम्हालाही असंच शिकवलं होतं. पण आमचे एक प्राध्यापक होते, ते वेगळं सांगायचे. ते म्हणायचे, माणसाला आधी तोला, मग पळवा, मग पुन्हा तोला. जेवढा उतरला तेवढा घाम गेला. एक किलो उतरला, तर एक लिटर पाणी गेलं समजा. प्रत्येकाचा घाम वेगळा. कुणाचा तासाला अर्धा लिटर, कुणाचा दीड. आपला किती ते कळलं की वाटेत किती प्यायचं ते ठरतं. कमी प्यालात तर पडाल. घामाहून जास्त प्यालात तर तेही वाईट. पोट डचमळतं, आणि अंगातलं मीठ पातळ झालं तर माणूस फिट येऊन पडतो.”

सर्जेरावाचे डोळे चमकले. “तोलायचंच हाय ना सर? मंग चिंता कशाची? उभी हयात त्याच्यातच गेली.”

सर म्हणाले, “मात्र दुपारी पळायचं. दौडीला पाहुणा उशिरा येतो, नारळ फुटायला अकरा वाजतात. पहाटेचा घाम घेऊन दुपारचा हिशोब लागायचा नाही.”

मोंढ्यात दुपारी तासभर सामसूम होते. हमाल पोत्यांवर आडवे होतात, शेठ गादीवर डुलक्या काढतात. अशा एका दुपारी शेठच्या गोदामातल्या लोखंडी काट्यावर सर्जेराव चढला. अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी, डोक्याला जाड सुती रुमाल. काट्याची दांडी हलली, स्थिर झाली. छप्पन्न किलो.

“कपड्यांचं?” सरांनी विचारलं.

“बारदान वजा करू की,” सर्जेराव म्हणाला. बारदान म्हणजे माल ज्यात भरतात ते नुसतं पोतं. मालाच्या वजनातून त्याचं वजन कमी करायचं, ही मोंढ्याची रीत. त्यानं कपडे आधीच तोलून ठेवले होते. सहाशे ग्रॅम. “आता बी सहाशे वजा, आल्यावर बी सहाशे वजा. मालाला माल लागतो.”

सरांनाही ते पटलं. हिशोब दोन्ही बाजूंनी सारखा, मग चूक कुठं राहणार?

सर्जेराव तासभर पळून आला. वाटेत प्यायला नाही, आडोशाला गेला नाही. सरांनी तशी ताकीदच दिली होती, कारण जे आत जातं आणि बाहेर पडतं ते सगळं हिशोबात धरावं लागतं. आला तसा काट्यावर चढला. दांडी पंचावन्न किलो चारशेवर थांबली.

“सहाशे ग्रॅम,” सर खूश झाले. “म्हणजे तासाला सहाशे मिली. आपलं घरातलं फुलपात्र दोनशेचं असतं. तासाला तीन फुलपात्रं. वीस मिनिटांनी एक. झालं!”

पुढच्या रविवारी सर सायकलवर पाण्याची कॅन बांधून निघाले आणि सर्जेराव त्यांच्या पुढं. वीस मिनिटांनी एक फुलपात्र, काटेकोर. पहिला तास झोक्यासारखा गेला. दुसऱ्या तासात रस्ता थरथरू लागला. दूरच्या टेकड्या जमिनीवरून सुटल्या आणि वितभर वर तरंगत राहिल्या. बाभळीच्या सावल्या निळ्या झाल्या. सर्जेरावाला वाटलं, आपण पळत नाही आहोत, कुणीतरी आपल्याला हळूहळू भट्टीवरच्या काहिलीत ढवळून राह्यलंय. आणि मग पुढं, रस्त्याच्या वळणावर, तीच नदी. तीच लाट.

“सर,” तो म्हणाला, “नदी आली.”

सरांनी सायकल आडवी टाकली आणि त्याला झाडाखाली बसवलं. पिंडऱ्यांत गोळे आले होते. संध्याकाळपर्यंत त्याला लघवी झाली नाही, आणि झाली तेव्हा मोहरीच्या तेलासारखी.

“हिशोब बराबर हाय,” तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, “पन मानूस कोरडा.”

सरही बुचकळ्यात पडले. “तुमचा काटा तर बिघडला नाही ना?”

हे ऐकून सर्जेरावाला राग आला. बायकोला काही म्हणा, देवाला काही म्हणा, मापाड्याच्या काट्याला काही म्हणू नये. तो तडक गोदामात गेला आणि छापाची वजनं ठेवून काटा तपासला. काटा खरा होता. म्हणजे खोटा काय होता, तो प्रश्न उरलाच.

चांगुणाबाईनं विचारलं, “का हो, तोंड का पडलं?”

“काय न्हाई.”

“बूट हिरीत जायला लागले जनू.” ती हसली, पण त्या हसण्यात काळजी होती. तिलाही बूट विहिरीत टाकायची हौस नव्हती. तिला पडलेला नवरा पुन्हा पाहायचा नव्हता, एवढंच.

उत्तर आलं ते केदारखेड्याच्या अप्पारावाच्या गाडीतून. अप्पाराव ज्वारी घेऊन आला होता. माणूस टापटिपीचा. खताची रिकामी पोती त्यानं नदीवर नेऊन धुतली, आणि घाईघाईत पुरती वाळायच्या आतच त्यात ज्वारी भरली. सर्जेरावानं पोतं काट्यावर घेतलं, वजन बोलला, आणि नेहमीच्या रीतीनं एक किलो बारदान वजा केलं. तोच शेठ गादीवरून उठून आला. पोत्याला हात लावला आणि किंचाळला.

“अरे सर्जेराव, डोळे हायेत का बटनं? पोतं चिंब ओलं हाय! कोरड्या पोत्याचं एक किलो वजा करून राह्यला, आन् ओल्याचं दीड भरतंय! ते अर्धा किलो पानी म्या ज्वारीच्या भावानं घेऊ का?”

अप्पाराव भडकला. “शेठ, पानी केदारखेड्याचं हाय, गोड हाय. फुकट समजू नका!”

हमाल हसले. अप्पाराव आणि शेठ एकमेकांच्या बापजाद्यांपर्यंत पोचले. भांडण सोडवायचं काम मापाड्याचं. पण मापाडी त्या ओल्या पोत्यावर हात ठेवून तसाच उभा. त्याला त्या पोत्याच्या जागी आपली बंडी दिसत होती. बंडी, चड्डी, जाड रुमाल. पळून आल्यावर सगळं चिंब. जाताना कोरडं, येताना ओलं. आणि आपण दोन्ही वेळा कोरड्याचंच बारदान वजा केलं. घाम अंगातून गेला खरा, पण कपड्यांत बसून काट्यावर पुन्हा चढला!

“शेठ,” तो एकदम म्हणाला, “तुमचं खरं हाय. आन् म्या गाढव हाय.”

मोंढ्यात मापाड्यानं शेठला खरं म्हणणं, तेही अप्पारावाच्या तोंडावर, अशी गोष्ट कधी घडली नव्हती. भांडण तिथंच थिजलं. सर्जेरावानं एक पोतं रिकामं करून तोललं, ओल्याचं बारदान वजा केलं आणि जल्दी जल्दी बाकीची पोती उरकली.

त्या दुपारी तो पुन्हा तासभर पळाला. आल्यावर कपडे काढून नुसते तेच काट्यावर टाकले. सहाशेचे अकराशे झाले होते.

“अर्धा लिटर घाम बंडीत राहिला!” सरांनी कपाळाला हात लावला. “म्हणजे ते सहाशे आणि हे पाचशे, तासाला अकराशे. आणि मीही मान डोलावली. सर्जेराव, आता बारदान नकोच. माल उघडाच तोलायचा.”

“उघडा म्हंजी?”

“उघडा म्हणजे उघडा. आणि काट्यावर चढायच्या आधी अंग कोरडं पुसायचं.”

सर्जेराव लाजून लाल झाला. तीन लेकरांचा बाप असला म्हणून काय झालं? पण विहीर डोळ्यांसमोर होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामाचं दार लोटलं, सर पाठ करून उभे राहिले, आणि सर्जेराव आईच्या पोटातून आला तसा काट्यावर चढला. लोखंडी पाटाचा चटका बसून “आयो!” म्हणाला. मग कपडे घालून पळायला गेला. या वेळी वाटेत अर्धा लिटर पाणी मोजून प्यायचं होतं. परत आल्यावर दार लोटलं, पुन्हा कपडे उतरवले, अंग पुसलं, पुन्हा काटा.

आता मोंढ्यातल्या दाराला फट असते आणि फटीला पुष्पाबाईचा डोळा असतो. ती चहाचे कप गोळा करायला आली होती, असं तिचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत बातमी अशी पसरली, की सर्जेराव मापाडी भर दुपारी गोदामात नागवा नाचतो आणि मास्तर शिटी वाजवतात. रात्र पडायच्या आत बातमीत एक काळी कोंबडीही शिरली होती.

चांगुणाबाईनं ऐकलं आणि दुसऱ्या दुपारी ती गोदामाच्या दारात येऊन धडकली. दार ढकललं. आत नवरा काट्यावर, सर भिंतीकडं तोंड करून.

“काय चाललंय हे? करणी करून राह्यले का?”

सर्जेरावानं जवळचं रिकामं पोतं ओढून पुढं धरलं. “आगं, घाम मोजून राह्यलोय!”

“घाम? घाम काय मोजायची चीज हाय?”

भिंतीकडं तोंड ठेवूनच सरांनी तिला सगळं समजावलं. काल उतरलेलं वजन सातशे ग्रॅम. प्यालेलं अर्धा लिटर त्यात मिळवायचं. म्हणजे घाम गेला एक लिटर दोनशे. ती ऐकत होती. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं, पोत्यामागं उभ्या असलेल्या त्या बारीक माणसाकडं, आणि हळूच म्हणाली, “तासाला येवढा जातो? तीन तासाला घागरभर? मंग मागच्या साली तुमाला नदी न्हाई दिसनार तर काय.”

“तेच तर!”

“तर मंग सगळं परत प्यायचं का?”

“सगळं नाही ताई,” सर म्हणाले. “पळताना पोट एवढं घेत नाही. तासाला चार फुलपात्रं, म्हणजे आठशे. लिंबू आणि मीठ टाकून. पाव तासानं एक. थोडा तोटा राहील, तो घरी जाऊन भरायचा. आणि त्याची पोटाला आतापासून सवय लावायची.”

चांगुणाबाईनं पदर खोचला. “आदी ते दार नीट लावा. फट हाय तिथं.” आणि ती बाहेर जाऊन दाराला पाठ लावून बसली. पुढचे पंधरा दिवस दुपारी ती तिथंच बसायची. पुष्पाबाई कप गोळा करायला आली, की चांगुणाबाई म्हणायची, “या बाई, कोंबडी संपली. आता फकस्त मानूस उरलाय.”

दौडीच्या दिवशी पाहुणा नेहमीप्रमाणं उशिरा आला, नेहमीप्रमाणं लांब बोलला, आणि नारळ फुटला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सर्जेरावाच्या अंगात यंदा पातळ बंडी. सर सायकलवर, फुलपात्र दोरीनं कॅनला बांधलेलं. पाव तास झाला की सर पुढं जाऊन उभे राहायचे, सर्जेराव फुलपात्र घेऊन चार पावलं चालायचा, घोट घोट संपवायचा आणि पुन्हा पळायचा. बाकीचे त्याला हसत पुढं निघून गेले. एक पैलवान म्हणाला, “काय डांबरप्या, पानवठ्यावर निघालास का?”

वडाला हात लावून तो परत फिरला. उन्हानं रस्ता पांढरा केला होता. खडी फोडणारी माणसं त्याला कडेला बसलेली दिसली, दुष्काळातली, ओळखीची. त्यांत तोही होता, तरुण, हातात हातोडा. तो स्वतःच्याच शेजारून पळत गेला. त्यानं हात वर केला. पलीकडच्यानंही केला. मग लिंबाची आंबट चव जिभेवर आली आणि कडेला फक्त गिट्टीचे ढीग राहिले.

शेवटच्या पाव तासाच्या जागी सर नव्हते. चांगुणाबाई होती, हिरव्या लुगड्यात, हातात घरचं फुलपात्र. तिनं त्याचे ओठ पाहिले, डोळे पाहिले, आणि पाणी दिलं. तो प्याला. पुढं वळणावर नदी आली होती. तीच निवळ नदी, तिच्यात उलटं तरंगणारं मोंढ्याचं फाटक.

“नदी दिसती,” तो म्हणाला.

“दिसू द्या. पिऊ नका,” ती म्हणाली. “फुलपात्र इकडं द्या.”

सर्जेराव हसला आणि नदीत शिरला. पाण्यानं वाट दिली. पाऊल पडेल तिथून ती मागं सरकत गेली, फाटकाच्या पायरीशी गेली, आणि फाटकात तर नुसती धूळ, हमाल आणि हलगी. पानवठ्याची टिंगल करणारा पैलवान चिंचेखाली पडला होता. चांगुणाबाईनं उरलेलं लिंबूपाणी त्याला पाजायला सरांना पिटाळलं. सर्जेराव पाचवा आला. पहिल्या तिघांना शाल आणि नारळ मिळाले. पाचव्याला काही नसतं. तो आपल्या पायांवर उभा होता, पुष्पाबाईकडं पाहून म्हणाला, “चहा दे. साखर जास्ती.”

मग तो गोदामात गेला. दार लोटलं गेलं, फटीवर पोतं टांगलं गेलं. सर पैलवानाजवळ होते, म्हणून या वेळी दांडी चांगुणाबाईनं वाचली. सकाळच्या तोलापेक्षा सव्वा किलो उतरला होता. ठरवला होता तेवढाच तोटा.

ओली बंडी, चड्डी आणि रुमाल तिनं उचलून बगलेत मारले. मग बूट उचलले. सर्जेराव काट्यावरून खाली उतरला. बुटांचे बंद एकमेकांना बांधत ती दाराकडं निघाली, जाताना म्हणाली, “हिरीवरच चालले. बारदान धुवायला. हे बूट बी घामानं वास मारून राह्यले, वाळवून उद्या पहाटच्याला खुंटीवर लावते.”